तिसरी उडी

फॉस्फोरिक आम्लाकडे सोडण्याजोगे तीन प्रोटॉन असतात. पहिला हाक मारायच्या आत चपला घालतो, दुसऱ्याची मनधरणी करावी लागते, आणि तिसरा पाण्यात कधी उंबरठा ओलांडतो ते कळूच देत नाही. रसायनाचे मास्तर हे वर्षानुवर्षं शिकवत आणि वर्ग हसत असे, कारण मास्तरांना मुलीही तीनच. थोरली लग्न करून गेली, मधली भांडून. बायको तर न सांगताच गेली. उरली धाकटी, आणि मास्तरांचं कुरकुरणारं हृदय.

आज मास्तरांच्याच प्रयोगशाळेत धाकटीची निवड-परीक्षा होती. पास झाली तर दूरच्या संस्थेत पाच वर्षं. परीक्षक बाई तिथल्याच. मास्तरांना फक्त काचसामान पुरवायची मुभा.

धाकटीने ब्युरेटच्या तोटीतून आम्लात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडत पीएचचा आलेख काढला; एकेक प्रोटॉन पुरता सुटला की आलेख एकदम उडी घेतो. वीस मिलीला पीएच पावणेपाचच्या आसपास पहिली उडी, चाळीसला साडेनऊच्या पुढे दुसरी. चोख. आणि साठला तिसरी, जिन्याच्या पायरीसारखी ठसठशीत.

मास्तरांनी आलेख पुन्हा पाहिला. ही उडी पाण्यात दिसत नाही, हे पोरीला फ्रॉकात असल्यापासून पाठ होतं. तिला नापास व्हायचं होतं.

"पुस्तकातून उतरवलीस वाटतं," म्हणत बाईंनी लाल पेन उघडलं.

"बाई, एकच विचारा," मास्तर बोलून गेले. "कुठल्या पीएचला बीकरमध्ये कोण जास्त असतं?"

"सर, तुम्ही बोलायचं नाही!" धाकटी कडाडली.

बाईंनी विचारलंच. धाकटी खाली बघत म्हणाली, "दोनच्या जरा वरपर्यंत अख्खं आम्ल. तिथून सातच्या जरा वरपर्यंत एक प्रोटॉन गेलेला आयन. मग सव्वाबारापर्यंत दोन गेलेला. त्यापुढे तिन्ही गेलेला."

"आणि तिसरी उडी?"

कागदावर खोटं बोलता आलं होतं, तोंडाने जमेना. "दिसत नाही. तोवर पीएच इतका चढलेला असतो, की कॉस्टिकच्या गर्दीत ती बुडते."

"मग ही?"

"चुकले."

"पुन्हा काढ."

निवड झाली. बाहेर व्हरांड्यात धाकटी रडत होती. "रात्री छातीत दुखलं तर कोण आहे, बाबा?"

"शेजारी डॉक्टर आहेत की."

"दातांचे!"

"दात तरी शाबूत राहतील," मास्तर म्हणाले. तिला हसू आलं नाही. त्यांनाही.

ती गेली त्या दिवशी मास्तर बसस्टँडवरून घरी न जाता प्रयोगशाळेत आले. आम्ल घेतलं, ब्युरेट भरली, थेंब सोडू लागले. पहिली उडी आली, दुसरीही आली. पुढे मीटर संथपणे चढत राहिला, काही झालंच नाही असा. मास्तर टक लावून बसले होते. तरी साठ मिली कधी मागे पडले, त्यांना दिसलं नाही.