दार उघडं ठेवणारी काच

ऑफिसात तिला सगळे हिंटताई म्हणत. कोड्यांचा खेळ बनवणारी छोटी कंपनी, माणसं जेमतेम आठ-दहा, आणि अडलेल्या खेळाडूला वाट दाखवायचं खातं तिच्या एकटीकडे. काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. फार सांगितलं तर कोड्याची मजा जाते, फार कमी सांगितलं तर माणूस वैतागून खेळ बंद करतो. तिने तीन पायऱ्या केल्या होत्या. पहिली हिंट फक्त एक प्रश्न विचारायची, दुसरी योग्य वस्तूकडे नजर वळवायची आणि तिसरी पुढची एकच चाल दाखवायची. पूर्ण उत्तर कुठेच नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

अडचण एकच होती: माणूस अडलाय हे यंत्राला कळणार कसं? तिने नियम ठरवला, की खेळणाऱ्याचा हात ठरावीक वेळ हलला नाही तर तो अडला. प्रोग्रामरने तो नियम अजून बसवला नव्हता, म्हणून चाचणीत हिंट ती स्वतःच शेजारच्या खोलीतून पाठवणार होती. खेळणाऱ्याला वाटणार, खेळच सुचवतोय. असं आधी करून बघतातच, नाहीतर चुकीच्या नियमावर महिनाभर मेहनत वाया जायची.

चाचणीच्या सकाळी, खेळून बघायला बोलावलेल्या बाईंनी ऐनवेळी येत नसल्याचं कळवलं. "घरातलं कोणी आहे का, ज्यांनी हा खेळ पाहिला नाही?" संचालकांनी विचारलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "सासरे आहेत."

सासरे एकेकाळी पुलांचे आराखडे काढायचे. दोन वर्षांपूर्वी आजारात त्यांची वाचा गेली आणि मग हळूहळू, अर्धीमुर्धी परत आली. डोकं शाबूत होतं, शब्द तेवढे उशिरा यायचे. घरात मग ज्याला त्याला त्यांचं वाक्य पुरं करायची सवयच लागली. ते "मला जरा..." म्हणायचे आणि कोणी पाणी आणायचं, कोणी चष्मा. पुष्कळदा त्यांना तिसरंच काही हवं असायचं. पण तेही मग पाणी पिऊन टाकायचे.

ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर टॅबलेट, वर हातांवर रोखलेला कॅमेरा. शेजारच्या खोलीत ती, प्रोग्रामर आणि संचालक पडद्यासमोर बसले.

कोडं असं होतं. कोपऱ्यातला दिवा प्रकाशाच्या झोताने पेटवायचा. वाटेत दार. दाराच्या बाजूला एक डोळा, त्याच्यावर झोत पडला की दार उघडतं, झोत हलवला की मिटतं. म्हणजे झोत डोळ्यावर ठेवला तर दिव्यापर्यंत जात नाही, दिव्याकडे वळवला तर दार बंद. खाली एका कडेला साधी दिसणारी काच पडलेली असते. ती झोतात ठेवली की अर्धा प्रकाश आरपार जातो आणि अर्धा वळतो. अर्धा डोळ्याकडे, अर्धा दिव्याकडे: सगळी गोम त्या काचेत.

सासऱ्यांनी आरसे फिरवले, दार उघडून पाहिलं, मिटू दिलं. मग हात मांडीवर ठेवून ते बसले. नुसते बसले.

शेजारच्या खोलीत चुळबुळ सुरू झाली. संचालकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. प्रोग्रामर हळूच म्हणाला, "काका दमले का?" बोलण्यात वाईट काही नव्हतं. तरी तिची कानशिलं तापली. तिला वाटलं, आता हे सगळे मनात म्हणणार, हिचे सासरे असे. ठरलेली वेळ अजून व्हायची होती. पहिली हिंटही गेली नव्हती. तिने सरळ दुसरी दाबली.

पडद्यावर काच चमकली. सासऱ्यांनी ती उचलली, झोतात ठेवली आणि दिवा पेटला.

"लागू पडली बघा," ती म्हणाली. आवाज उगाच मोठा झाला. संचालक खूश झाले. सासरे बाहेर आले तेव्हा तिने विचारलं, "बाबा, जमलं ना?" ते काहीतरी बोलायला लागले, "ते... काचेचं..." आणि तिने घाईने म्हटलं, "हो हो, काच छान चमकते, नाही?" त्यांनी मान हलवली आणि चप्पल शोधू लागले.

दोन दिवसांनी बैठकीत दाखवायला ती चित्रफीत तयार करत होती. हिंट गेली आणि कोडं सुटलं, याच्याइतका चांगला नमुना दुसरा नव्हता. वरच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि पडद्याचं चित्र तिने शेजारी शेजारी लावलं आणि हळू चालवून पाहिलं.

काच चमकायच्या आधी सासऱ्यांचा हात मांडीवरून उठला होता. बोट सरळ काचेच्या दिशेने निघालेलं. मग काच चमकली आणि बोट मध्येच थांबलं. थोडा वेळ तसंच थांबलं. त्यानंतरच त्यांनी ती उचलली, कोणी सांगितलेलं काम करावं तशी.

तिने ते पुन्हा पाहिलं. फीत कापली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. हात उठल्याचा एवढासा तुकडा, काढून टाकायला किती वेळ लागणार? माउस तिथवर गेलाही होता, आणि तो तिथे गेला याचीच तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

बैठकीत तिने फीत पूर्ण दाखवली. "ही हिंट लागू पडलेली नाही," ती म्हणाली. "त्यांना सुचलं होतं. मी वेळेआधी पाठवली, पहिली पायरी सोडून. आणि नियमच चुकलाय. गप्प बसलेला माणूस विचार करत असतो."

"वेळेआधी का पाठवलीस?" संचालकांनी विचारलं.

"माझा धीर सुटला," इतकंच ती म्हणाली. ते अर्धंच खरं होतं.

नियम बदलला. नुसत्या शांततेला आता काही अर्थ नव्हता. तीच चूक पुन्हा पुन्हा केली, तीच मांडणी मोडून परत तीच लावली, तर पडद्याच्या कडेला एक बारीक दिवा किंचित उजळायचा. हिंट तरीही आपण होऊन यायची नाही. खेळणाऱ्याने दिव्याला हात लावला तर आधी प्रश्न, मग हवं तर पुढचं. पुढच्या चाचण्यांत निम्म्या लोकांनी दिव्याला हातच लावला नाही. प्रोग्रामर म्हणाला, "हिंटताई, तुमचंच काम कमी झालं की." सगळे हसले. तीही हसली.

घरी मात्र ते सांगायचं राहिलं होतं. एका दुपारी सासरे गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती बादलीजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी काच मी चमकवली. खेळाने नाही."

त्यांनी चिमटा लावला. "वाटलं... मला."

"तुम्हाला सुचलं होतं. मी थांबायला हवं होतं."

ते टॉवेल झटकत राहिले. शब्द यायला वेळ लागत होता आणि मधेच काही बोलायचं नाही म्हणून तिने दोरी घट्ट धरली होती.

"लाज... वाटली तुला," ते शेवटी म्हणाले. "माझी."

नाही म्हणणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली, रागावल्यासारखी नाही, हिशेब जुळल्यासारखीही नाही. बादलीतला पुढचा शर्ट त्यांनी तिच्या हातात दिला आणि दुसरं टोक स्वतः धरलं. दोघांनी तो पिळला.

"तसलंच दुसरं कोडं करून देऊ का तुम्हाला?" तिने विचारलं. "ते तर आता कळलेलं आहे."

"ते... छान होतं," सासरे म्हणाले. "मला... सोडवायचं होतं."

नवं कोडं त्यांनी पुढच्या आठवड्यात मागून घेतलं. ते सोडवत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात थांबली, दार लोटून.