दोन्ही टोकांना निळा

रघु गेला त्याला चौदा दिवस झाले होते आणि मला अजून रडू आलं नव्हतं. येणारे-जाणारे म्हणत, काळुराम खंबीर आहे. खंबीर कसला डोंबलाचा! दाढ काढल्यावर तासभर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. चहा प्यायचो, पण त्यात साखर आहे की नाही हे कळत नव्हतं. धीर द्यायला येणाऱ्यांचा राग मात्र चांगला यायचा. तेवढं एक जिवंत राहिलं होतं.

आमचा धंदा केबलचा. त्र्याण्णव साली शहाडला घरावर डिशची छत्री लावून सुरू केला, तेव्हा रघु, माझा धाकटा भाऊ, शाळेत होता. पुढे टीव्हीबरोबर इंटरनेट आलं, तांब्याच्या वायरी जाऊन काचेची फायबर आली. घराची खालची खोली म्हणजे आमची कंट्रोल रूम. तिथे मी बसायचो. बाहेरची सगळी कामं रघूची. खांबावर चढणं, जोड मारणं, लोकांच्या शिव्या खाणं.

मोहन्यात एका बंद पडलेल्या कंपनीची चाळ आहे, तिथे आमची ऐंशी घरं. रघु पडला तो त्या चाळीच्या पत्र्यावरून. सिमेंटचा जुना पत्रा, पाय ठेवला तसा फुटला आणि हा खाली दगडी फरशीवर. संध्याकाळपर्यंत संपला. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. गावाने मात्र वेगळं लिहून घेतलं, रघु पिऊन चढला होता. रघु प्यायचा, रविवारी. तो मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. पण मेलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार?

त्याची बायको गोदा एवढ्या दिवसांत माझ्याशी एकच गोष्ट बोलली होती, आणि तीच पुन्हा पुन्हा. "दादा, त्याहीं मला फोन केलेला. बोलले, लाइन चांगली हाय. लाइन चांगली व्हती तर मंग वर कशाला गेले?" मी दर वेळी सांगायचो, लाइन तुटली होती, बघायला गेला. ती मान हलवायची आणि निघून जायची. तिला पटत नव्हतं हे दिसत होतं. सासू, म्हणजे माझी आई, म्हणते तेच खरं असेल, नवरा शुद्धीत नव्हता, हे तिच्या मनात हळूहळू घर करत होतं. कळत असून मी गप्प बसत होतो, कारण मला स्वतःला लाइन तुटलीच होती असं वाटत होतं.

तेरावं होईपर्यंत चाळीतल्या लोकांनी इंटरनेटचं नाव काढलं नाही. चौदाव्या दिवशी फोन सुरू झाले. त्यांचंही बरोबर होतं. मी माजिवड्याच्या एका ओळखीच्या केबलवाल्याकडून आनंदाला मागून घेतलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, हातात कला. त्याला मोहन्याला पाठवलं आणि दोन आठवड्यांनी कंट्रोल रूमचं कुलूप काढलं.

आत सगळं त्या मंगळवारसारखंच होतं. त्या सकाळी आमचा जुना स्विच, म्हणजे सगळ्या लाइनी जिथून फुटतात ती पेटी, जळाला होता, आणि मोहन्याच्या लाइनचं इकडचं मॉड्यूलही त्याच्याबरोबर गेलं होतं. मॉड्यूल म्हणजे बोटाएवढी धातूची डबी, पुढे ओढायला छोटी रंगीत दांडी. स्विचच्या चौकोनी भोकात ती बसते आणि तिच्या तोंडात फायबर खोचायची. तेव्हाच मी सेकंडहँड आणलेला दुसरा स्विच लावला होता आणि ड्रॉवरमधून नवीन मॉड्यूल काढून घातलं होतं. स्विचची भोकं दहा गिगची, मॉड्यूल एक गिगचं. दिवा काही लागेना. तासभर डोकं खाजवल्यावर आठवलं, असं असलं की त्या भोकाचा वेग हाताने एक गिगवर आणावा लागतो. आणला. स्विचने मॉड्यूल ओळखलं आणि मी स्वतःवर फार खूश झालो. तरी लिंक, म्हणजे दोन टोकांची जोडणी, उठत नव्हती. स्क्रीनवर समोरून येणाऱ्या उजेडाचा आकडा होता उणे चाळीस. उणे चाळीस म्हणजे अंधार. मी लगेच ठरवून टाकलं, फायबर तुटली, आणि रघूला मोहन्याला पाठवलं.

आनंदाचा फोन आला तेव्हा गोदा चहा घेऊन आत आली होती. हात मोकळे राहावेत म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"काळूशेठ, फायबरला उजेडाचा मीटर लावला," आनंदा म्हणाला. "लाइट येतोय. उणे नऊ. पन लिंक उठत नाय."

कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. रघूने त्या दिवशी हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. दादा, लाइट येतोय, मीटरवर उणे नऊ, लाइन बरी आहे, जोड मीच मारलाय. मी म्हटलं होतं, तुझा मीटर खोटा, माझ्याकडे अंधार दिसतोय, मागच्या भिंतीवरचा जोड बघ. तो म्हणाला, तिथे पत्र्यावरून जावं लागतं, आधी तुझ्याकडचं बघ ना. त्यावर मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. चढ."

आता आनंदालाही मी तेच म्हटलं. सवय जात नाही. "मागच्या भिंतीवरचा जोड बघा."

"मी नाय चढनार," आनंदा शांतपणे म्हणाला. "उणे नऊ म्हंजे फायबर एकदम मस्त हाय. तिला कशाला हात लावायचा? तुमच्याकडं मॉड्यूल कुठलं घातलंय? इथं निळ्या दांडीचं हाय."

मी वाकून पाहिलं. "निळ्याच दांडीचं."

"मंग कशी उठेल? एका तारेची लाइन हाय ना ही? निळा तेराशे दहाच्या तरंगावर बोलतो आन् पंधराशे पन्नासचं ऐकतो. पिवळा त्याच्या उलटा. तुमचे दोन्ही निळे, म्हंजे दोघं पन तेराशे दहावरच बोलतात, ऐकतो कोन? पिवळा टाका तिकडं."

तो आणखी काहीतरी बोलला, ते मी ऐकलं नाही. मला सगळं समजलं होतं. मीटरला कुठल्याही तरंगाचा उजेड चालतो, तो प्रामाणिकपणे उणे नऊ दाखवणार. मॉड्यूल फक्त आपल्या तरंगाचा उजेड आत घेतं, दुसऱ्याला दारातच अडवतं, म्हणून माझ्या स्क्रीनवर उणे चाळीस. रघूचा आकडा खरा होता. माझाही खरा होता. खोटा होता तो माझा अर्थ.

मी दोन तारांच्या जमान्यातला माणूस. एक तार जायची, एक यायची, आणि दोन्ही टोकांना मॉड्यूल अगदी एकसारखं लागायचं. धंदा शिकवताना रघूला मीच सांगितलं होतं, दोन्हीकडे सारखाच माल घालायचा. मग एका तारेवर जाणं-येणं दोन्ही करणाऱ्या जोड्या आल्या. नौपाड्यातल्या दुकानातून त्या रघुच आणायचा. निळा नेहमी बाहेर, पिवळा नेहमी घरात, हा नियम त्यानेच घातला होता. मला दोनदा समजावलं होतं. मी हूं म्हटलं. धाकट्याने शिकवावं आणि थोरल्याने शिकावं, हे माझ्या स्वभावात बसत नाही. त्या मंगळवारी ड्रॉवरमधली नवी जोडी माझ्या हातात होती. मोहन्याला निळा आहे एवढं मला आठवलं, म्हणून मी इकडेही निळा घातला.

पिवळा तिथेच पिशवीत पडून होता. मी निळ्याची दांडी खाली ओढून तो बाहेर काढला, पिवळा बसवला, फायबर खोचली. दोन-तीन सेकंदांत हिरवा दिवा लागला.

"उठली," फोनमधून आनंदा म्हणाला. "झालं काम, शेठ." त्याने फोन ठेवला.

मला काहीच वाटलं नाही. खरं सांगतो. दिव्याकडे बघत मी एवढाच विचार केला की त्या दिवशी याला जास्तीत जास्त एक मिनिट लागलं असतं.

"काय झालेलं?" गोदाने विचारलं.

"मॉड्यूल खराब होतं," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

गोदाने टेबलावरचा निळा उचलला. उलटसुलट करून पाहिला. "खराब? आनंदाभाऊ तर तसं नाय बोलले. बोलले, दोन्ही निळे हायेत." ती थांबली. "फायबर मस्त हाय असं पन बोलले."

बाहेर ओट्यावर माझी आई, ठमाबाई, शेजारच्या कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होती. खोलीत स्पष्ट ऐकू येत होतं. "घाई नडली गं पोराला. जरा घेतली पन असंल. नायतर भर उन्हात पत्र्यावर कोन चढतं?" गोदाने मान खाली घातली. रोज ती हे ऐकत होती, आणि रोज तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं. मी बोललो नसतो तर रघु कायमचा दारू पिऊन पडलेला राहिला असता, आणि मी खंबीर.

"मॉड्यूल चांगलं आहे," मी म्हणालो. "मी चुकीचं घातलं होतं. रघूने मला सांगितलं होतं की लाइन बरी आहे, आधी तुझ्याकडचं बघ. मी बघितलं नाही. त्याला वर चढवलं."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. निळा तिने होता तसा टेबलावर ठेवला.

"म्हंजे ते शुद्धीत व्हते," ती म्हणाली.

"पूर्ण."

"हे आईंना सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

मी बाहेर आलो. आईसमोर शेजारची दोन माणसं बसली होती, गल्लीत भाजीवाला थांबला होता. मी म्हटलं, आई, रघूने घेतली नव्हती, चूक माझी होती. आईला हल्ली कमी ऐकू येतं. "आं?" ती म्हणाली. मग मला मोठ्याने सांगावं लागलं, एकेक शब्द सुटा करून. रघु प्यायला नव्हता. लाइन चांगली होती. मी त्याचं ऐकलं नाही. मी त्याला वर चढवलं. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"परत सांगा," मागून दारातून गोदा म्हणाली. "त्यांना ऐकू नाय आलं."

ऐकू आलं होतं. आईच्या तोंडावर ते दिसत होतं. मी तरी परत सांगितलं, आणखी मोठ्याने.