नागपूर गाळलं तेव्हा

“वाचकाच्या विनोदातनं काय हवं ते कापा वहिनी,” महिपतसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पण माणसानं गाव नि धंदा मुद्दाम बदललेला दिसला, तर तेवढा राहू द्या. लोक उगाच लांबचं गाव घालत नाहीत.”

ऋजुतानं मान डोलावली आणि विसरली. तिचं तरी काय चुकलं? ओवी तेव्हा तिच्या कडेवर बसून महिपतसरांचा खोडरबर चावत होती आणि त्याचा तुकडा घशात जाईल की काय या काळजीत ऋजुताचे दोन्ही कान पोरीच्या तोंडाकडे लागलेले होते.

महिपतसरांचं साप्ताहिक ‘खाडीवारा’ दर शनिवारी रत्नागिरीत निघे. निधनवार्ता नि आंब्याच्या औषधांच्या जाहिराती लावून झाल्या की पानाच्या तळाशी कुठेतरी बोटभर जागा उरायची. त्या बोटभर जागेला विनोद लागे. दापोलीहून बी.ए. होऊन सासरी आलेल्या ऋजुताला घरबसल्या करण्यासारखं हेच एक काम मिळालं होतं. वाचकांचे पानभर विनोद यायचे, ते चार ओळींत बसवायचे. आणि खरं सांगायचं तर त्यात तिला विलक्षण गोडी वाटू लागली होती. तिची रीत साधी होती. एक शब्द काढायचा, उरलेलं नवऱ्याला वाचून दाखवायचं. यज्ञेश हसला तर तो शब्द गेला. “मग?” म्हणाला, तर शब्द परत आला.

या कामाला लागणारी शांतता तिला दुपारी मिळायची ती वरच्या मजल्यावरच्या कुसुमकाकूंमुळे. ऋजुताचा पोरीच्या बाबतीत कोणावर विश्वास नव्हता, नवऱ्यावरही बेताचाच. पण काकू आल्या, ओवीला मांडीवर घेतलं, की ऋजुता दार लावून चक्क आंघोळ करायची. काकूंचे यजमान हरिहरकाका, निवृत्त हेडमास्तर. ताठ चाल, पांढरा सदरा, शाकाहारी असे की वांग्यात कोलंबी घालतात हे ऐकूनसुद्धा अंग चोरायचे.

त्या सोमवारी काकू ओवीला भरवता भरवता म्हणाल्या, “अगो, तुला एक गंमत सांगते. माझी मावसबहीण आहे ना नागपूरला, धंतोलीत? तिच्या शेजारी एक चष्म्याचे व्यापारी राहतात. म्हणजे आधी त्यांचे वडील करायचे धंदा, मग भाऊ जबलपूरला गेला. तर हे गृहस्थ अगदी शाकाहारी हो. लसूणसुद्धा नाही. एकदा संध्याकाळी ते भाजी आणायला म्हणून गेले, उकाडा होता, नागपूरचा उकाडा म्हणजे काय विचारू नको. बऱ्याच वेळानं आले. हातात पिशवी. आणि मागून मांजरं! एक नाही, तीन. एक पांढरं, एक काळंपांढरं, एक आपलं असंच. तर बायको दारात उभी. तिनं पाहिलं आणि विचारलं, अहो, या मांजरांनाही दोडका आवडतो वाटतं, तुम्ही आणलाय तो? म्हणजे तिला कळलं ना, की हे मासे खाऊन आलेत!”

आणि काकू स्वतःच इतक्या हसल्या की ओवीच्या तोंडातला भात बाहेर आला.

ऋजुताला एका क्षणात दिसलं. या गोधडीखाली एक लखलखीत विनोद झोपलेला होता. रात्री जेवणं झाल्यावर ती पेन्सिल घेऊन बसली.

जबलपूरचा भाऊ गेला, उकाडा गेला, मावसबहीण गेली. शेवटचं वाक्य तर आधीच गेलं, कारण हसू आल्यावर हसण्याचं कारण सांगणं म्हणजे जेवल्यावर पुन्हा पाट मांडणं. मांजरांचे रंग गेले.

“मांजर एकच ठेवू?” तिनं विचारलं.

“एक मांजर कोणाच्याही मागून येईल,” यज्ञेश म्हणाला. “तीन हवीत. तीन मांजरांना कारण लागतं.”

तीन राहिली. ‘शाकाहारी’ काढून पाहिलं. यज्ञेश म्हणाला, “मग?” परत आलं. चष्म्याचा व्यापारी मात्र खुपत होता. व्यापारी म्हटलं की कसला, कुठला, चष्मेच का, असं वाचक विचारत बसतो. माणूस असा हवा की नुसतं नाव घेतल्यावर उंचावर उभा दिसेल, म्हणजे पडताना मजा. तिनं लिहिलं ‘गुरुजी’. नागपूर तर कशालाच लागत नव्हतं. खोडलं. शेवटी बायकोच्या वाक्यातला दोडका मधे अडकला होता, तो उचलून अगदी टोकाला नेऊन ठेवला.

‘शाकाहारी गुरुजी भाजी घेऊन घरी आले. मागून तीन मांजरं. बायको म्हणाली, “यांनाही आवडतो दोडका?”’

यज्ञेश इतका हसला की झोपलेली ओवी दचकली. ऋजुता धावली, पोरीचा श्वास नाकाशी बोट धरून पाहिला आणि मग स्वतःही पदर तोंडात कोंबून हसली. यातला एक शब्द काढला तर घर कोसळेल, एक घातला तर अडगळ होईल.

शनिवारी सकाळी हरिहरकाका नेहमीप्रमाणे पायरीवर बसून ‘खाडीवारा’ मोठ्यानं वाचत होते. निधनवार्ता झाल्या. तुडतुड्यांवरचं औषध झालं. मग “शाकाहारी गुरुजी भाजी घेऊन” असं म्हणाले आणि थांबले. पेपराची घडी घातली. घडीची आणखी एक घडी घातली. दूध घालायला आलेला बाळा समोरच उभा होता.

“काय हो गुरुजी,” बाळा म्हणाला, “बुधवारची तुमच्या मागून येतात ती मांजरां पण तीनच ना?”

गॅलरीत दुपट्यांना चिमटे लावणाऱ्या ऋजुताच्या हातातला चिमटा खाली पडला.

मांजरं! तिनं ती स्वतः पाहिली होती. ओवीला ओरबाडतील म्हणून दर बुधवारी संध्याकाळी ती खिडकीतून त्यांच्यावर डोळा ठेवून असायची. साऱ्या आळीनं ती पाहिली होती. काकांच्या मागून येतात, फाटकाशी बसतात, काका “हड्” म्हणतात. मांजर नि मास्तर या दोन गोष्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्या एकमेकींना जोडणाऱ्या चार ओळी तेवढ्या नव्हत्या. त्या ऋजुतानं घासूनपुसून छापून दिल्या होत्या.

दुपारी काकू आल्या, पण ओवीला घेतलं नाही.

“मी नागपूर काय हौसेनं घातलं होतं गो?” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “चष्मे काय मला आवडतात म्हणून? नि तू सरळ गुरुजीच लिहिलंस!”

“काकू, मला खरंच माहीत नव्हतं. पण... काका खरंच...?”

“मिरकरवाड्याला बंदरावर त्यांचा जुना विद्यार्थी आहे, भागोजी. दर बुधवारी त्याच्याकडे बांगडा खातात. पिशवी टेकवतात मासळीच्या टोपलीला. मला वास येत नाही असं त्यांना वाटतं. वर्षानुवर्षं मी दोडका घेते नि गप्प बसते.”

“मग आता कळलंच आहे तर—”

“काय कळलंय? मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही! ते कळलं ना, तर लाजेनं सोडतील. बुधवारी परत येतात तेव्हाचा त्यांचा चेहरा तू बघितलायस? शाळा बुडवून आलेल्या पोरासारखा असतो. तो चेहरा मला हवाय.” काकूंनी डोळे पुसले आणि उठल्या. “तो परत येईपर्यंत तुझी पोर तू सांभाळ.”

बुधवार उजाडला. हरिहरकाका घराबाहेर पडले नाहीत. दिवसभर देवाची भांडी घासत बसले. आळीत जो तो दुसऱ्याला “यांनाही आवडतो दोडका?” विचारत होता. इतका छोटा होता विनोद, की पोरांनाही एकदाच ऐकून पाठ झाला. संध्याकाळी तीन मांजरं फाटकाशी येऊन बसली, वाट पाहिली आणि निघून गेली. ऋजुतानं मात्र घाईघाईत अर्धवट आंघोळ केली, केसांत साबण तसाच, कारण ओवीनं दाराबाहेर चप्पल चाटायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन महिपतसरांच्या कचेरीत धडकली.

“मी म्हटलं होतं,” महिपतसर म्हणाले.

“म्हटलं होतंत. आता हा विनोद मारायचा कसा ते सांगा.”

“छापलेला विनोद मरत नाही हो वहिनी. आखूड तर मुळीच नाही.”

“आखूड तर मुळीच नाही,” ऋजुतानं स्वतःशीच पुन्हा म्हटलं. मग हळूच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरू लागलं.

“सर, या अंकात जागा किती आहे?”

“का?”

“मला बोटभर नको. अर्धं पान द्या.”

शनिवारच्या ‘खाडीवाऱ्या’त अर्धं पान खुलासा आला. ‘गेल्या अंकातील विनोदाबाबत अनेक वाचकांनी पृच्छा केल्यावरून कळविण्यात येते की, सदर गुरुजी हे वस्तुतः गुरुजी नसून नागपूर येथील धंतोली भागातील चष्म्यांचे व्यापारी आहेत. जागेअभावी त्यांचा व्यवसाय, तसेच जबलपूर येथे स्थायिक झालेल्या त्यांच्या बंधूंचा उल्लेख गाळावा लागला. मांजरे सामान्यतः भाजी खात नाहीत, मासे खातात. त्यामुळे ती मागून आल्यास संबंधित व्यक्ती मासळीच्या संपर्कात आली असावी, असा तर्क त्यांच्या पत्नीने केला व तो थेट न बोलता दोडक्याच्या उल्लेखातून सूचित केला. यातून हास्यनिर्मिती होते.’ पुढे मांजरांचे रंग होते. नागपूरच्या उकाड्यावर एक स्वतंत्र परिच्छेद होता.

आळीनं तो वाचला आणि आळी जांभया देऊ लागली. बाळानं सोमवारी दूध घालताना “यांनाही आवड—” असं सुरू केलं, तर समोरचा म्हणाला, “अरे ते नागपूरचं ना? माहीत आहे. भाऊ जबलपूरला असतो.” बाळाला पुढचं बोलायची इच्छाच उरली नाही.

पायरीवर हरिहरकाकांनी मात्र खुलासा पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचला.

“अगं ऐकलंस का,” त्यांनी आत हाक मारली, “नागपूरचा निघाला तो!”

“कोण हो?” आतून काकू म्हणाल्या. “मी कुठे वाचते पेपर.”

बुधवारी काका पिशवी घेऊन बाहेर पडले. दिवेलागणीला परत आले तेव्हा त्यांचा चेहरा शाळा बुडवल्यासारखा होता. काकू खाली आल्या, काही न बोलता ओवीला उचललं आणि म्हणाल्या, “जा, डोक्यावरनं पाणी घे आज.”

सगळं असं मार्गी लागलं, फक्त एक गोष्ट ऋजुताच्या लक्षात आली नव्हती. हरिहरकाकांना तो खुलासा मनापासून आवडला. “विनोद असा सविस्तर हवा,” असं ते भेटेल त्याला सांगू लागले, आणि मग स्वतःच एक लिहिला. वहीच्या कागदांचा जाड गठ्ठा घेऊन ते गेल्या आठवड्यात स्वतः ‘खाडीवाऱ्या’च्या कचेरीत गेले. पोस्टानं पाठवला तर त्यातला अर्थ कळणार नाही म्हणाले, समोर बसून वाचून दाखवतो.

तेव्हापासून महिपतसर दिसलेले नाहीत. काका अजून जेवायला तेवढे घरी येतात आणि “आता मूळ मुद्द्याकडे वळतोय” म्हणून परत जातात. ओवीला सर्दी आहे, ऋजुताला घर सोडता येत नाही, आणि तिचा जीव टांगणीला लागलेला आहे. तेव्हा तुमचं त्या बाजूला जाणं झालंच, तर कचेरीत जरा डोकावून महिपतसरांना बघून याल का? दार नुसतं लोटलेलं असतं. आणि सर मान डोलवत असतील, तर ती ऐकून डोलतेय की झोपेनं, तेवढं नीट पाहून सांगा.