पंचवीस मिनिटांचं गेट

विमानतळावरच्या पाटीवर पुढच्या गेटचं अंतर लिहिलं होतं, पंचवीस मिनिटं. ही मिनिटं धडधाकट माणसाची होती. आईच्या गुडघ्यांना तेवढ्याला तास लागणार, हे हिशेबात धरूनच लेकीने दोन विमानांच्या मध्ये अडीच तास राहतील असं तिकीट काढलं होतं आणि त्यातच मदतीची नोंदही केली होती. पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं. आई पुढच्या रांगेतून आधी उतरली, लेक मागून आली, तेव्हा दाराशी मदतीला चिटपाखरूही नव्हतं.

आता आई दर दहा पावलांवर थांबत होती, आणि लेक मनातल्या मनात सगळ्या विमानतळाचा उद्धार करत होती. तेवढ्यात एक रिकामी बग्गी आली. लेक सरळ तिच्या आडवी गेली.

"यादीत नाव लागतं, ताई," चालक म्हणाला.

"पंधरा दिवसांपूर्वी नोंद केलीय. बघा तरी."

त्याने हातातल्या यंत्रात पाहिलं. "नाव आहे. पुढे शेरा आहे, विमानाच्या दारातच मदत नाकारली."

लेकीने आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती.

"एक जण माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता," ती म्हणाली. "पण त्याच्याजवळ चाकांची खुर्ची होती. मी म्हटलं, ती बाई मी नव्हे."

लेकीने दातओठ खाल्ले. चालक म्हणाला, "बसा आता, सोडतो."

आई जागची हलली नाही.

"आधी तू बस," ती हळूच म्हणाली. "म्हणजे लोकांना वाटेल, तुझ्यासाठीच थांबवलीय."