उलटतपास नाही

हे गेल्यावर ह्यांचा फोटो कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये लागावा, हा हट्ट माझाच. भिंतीवर जे लटकलेत, त्यातल्या निम्म्यांना हे हिंग लावूनसुद्धा विचारत नसत.

नियम असा, की सुचवणाऱ्या वकिलाने स्वतः पडताळणी करून सहीनिशी दाखला द्यायचा. आमच्या घरात आता काळा कोट सूनबाईचाच. तिने बार कौन्सिलकडून पटावरच्या नोंदीचा उतारा आणला. सनद कधी मिळाली, मध्ये कधी स्थगित झाली का, सगळं त्यात होतं. चाळीस वर्षं अखंड भरली. माझी मान ताठ झाली.

दाखल्यात लिहायचा राहिला तो ह्यांचा गाजलेला खटला. गोदामातल्या खुनाचा. आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती, अपिलात तो सुटला. निकालांच्या छापील पुस्तकात आरोपीचे वकील म्हणून ह्यांचं नाव आहे. ते पान आमच्याकडे चौकटीत लावलंय.

बारचे सेक्रेटरी म्हणजे ह्यांचेच जुने ज्युनिअर. म्हणाले, पुस्तकात आहे ना, झालं. पण सूनबाईने मूळ फाइल मागवली. मी मनात म्हटलं, हिला सासऱ्याचंही खरं वाटत नाही. तोऱ्यात तिच्याबरोबर रेकॉर्ड रूमला गेले. सेक्रेटरीही आले.

फाइलला अपिलाच्या निकालाची नक्कल जोडलेली होती. त्यात आरोपीतर्फे दुसऱ्याच वकिलाचं नाव. छापणाऱ्यांनी खालच्या कोर्टातल्या वकिलाचं उचललं होतं. खाली हेच होते. सूनबाई साक्षीच्या कागदावर थांबली. मला अक्षर लागत नाही, म्हणून तिने हळू वाचलं. डोळ्यांनी पाहणारा एकच साक्षीदार. आरोपीचे वकील गैरहजर. उलटतपास नाही. आणि अपिलाच्या निकालात लिहिलेलं, की या साक्षीदाराला कुणी प्रश्नच विचारले नाहीत, म्हणून माणूस फासाच्या दोरापर्यंत गेला.

सेक्रेटरींनी फाइल मिटली. "वहिनी, पुस्तकाचा आधार पुरतो. ही फाइल कोण उपसतंय?" मग सूनबाईपुढे दाखला सरकवला. "कर सही, बाळ. घरचंच काम."

तिने पेन काढलं, पण माझ्याकडे बघत राहिली. खोट्या दाखल्यावर सही म्हणजे सनदेवर गदा. हे तिला ठाऊक, सेक्रेटरींना ठाऊक. मला तिच्या तोंडावरून कळलं.

"तो माणूस किती दिवस कोठडीत होता?" मी विचारलं.

"साडेतीन वर्षं," ती म्हणाली. "फाशीच्या."

ही गोष्ट हे जेवताना सांगत. पोरं तोंडात घास धरून ऐकत. त्याला मीच सोडवला, म्हणत. वाढणारी मीच होते.

"पेन ठेव," मी म्हटलं. "आणि तुम्ही, भाऊजी, लिहा त्यावर, पुस्तकातल्या नावाला आधार सापडला नाही."

सेक्रेटरी म्हणाले, लोक काय म्हणतील.

"लोकांचं मी बघते. तोंड माझं अजून शाबूत आहे."

घरी पोराला सगळं सांगितलं, फोटो आता लागणार नाही हेही. त्याने ताट सरकवलं आणि बायकोकडे बघून म्हणाला, "बाबांना दुसऱ्यांदा मारलंस." मी किती वेळा म्हटलं, अरे, सही नको असं मीच म्हटलं, तिने नाही. तो तिच्याशी बोलत नाही. ती सकाळी कोट घालते आणि न जेवता कोर्टात जाते.