दसऱ्याचं सोनं आणि कपिलचा जामीन

दसऱ्याच्या दिवशी किसनरावांच्या घराचं दार लोटायचं नाही, असा नेमच होता. सोनं घेऊन कोण कधी येईल सांगता येतं का? आणि आलेला माणूस बंद दार पाहून परत गेला, तर वर्षभर त्याला काय तोंड दाखवायचं?

पहिलं सोनं यायचं ते गुणवंताचं. काय माणूस होता तो! धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून दोघांची वावरं, आणि त्या धुऱ्यावरच आपट्याचं झाड. एका साली त्याच धुऱ्यावरून दोघं असे भांडले, की बायका मध्ये पडल्या म्हणून डोकी शाबूत राहिली. चार महिने बोलणं नाही. मग दसऱ्याला गुणवंत ओंजळभर पानं घेऊन दारात उभा. म्हणाला, "घे किसना. सोनं घेतलं का मागचं मिटलं." घेतलं आणि मिटलं. किसनरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, कढईभर भजी तळली, दोघांनी ती एकाच ताटात खाल्ली, आणि धुरा जिथं होता तिथंच राहिला. आजही भज्यांचा वास आला की किसनरावांचे डोळे भरून येतात.

गुणवंताच्या मागोमाग यायचा आसिम. रहमतबीचा पोरगा, फाट्यावर पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. लहानपणी गावच्या पोरांबरोबर सोनं वाटायला लागला, तो मोठा झाला तरी यायचा थांबला नाही. "काका, सोन्यासारखे ऱ्हा," म्हणून पायाला हात लावायचा. किसनराव म्हणायचे, "तू बी ऱ्हाय लेका, अन् माह्या पंपाचा आवाज एकदा पाहून घे." सणाच्या दिवशी काम सांगता म्हणून इंदुताई नवऱ्यावर डाफरायच्या, आणि आसिम हसत हसत पंपाकडे निघायचा.

ते दिवस गेले. गुणवंत गेला, आणि त्याचा पोरगा कपिल भलत्याच वळणाला लागला. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. त्यातलीच एक कपिलनं आसिमकडे आणली. आसिमनं ती ओळखली, हातात घेतली नाही, आणि तिच्या मालकाला सांगितलं. चार दिवसांनी भरदिवसा, दुकानातच, कपिलनं लोखंडी रॉडनं त्याचा उजवा पाय मोडला आणि डोकंही फोडलं. पाहणारे दोघं. डबा घेऊन आलेली रहमतबी आणि पंप घ्यायला गेलेले किसनराव.

जिवे मारायच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. पुढं दोषारोपपत्र दाखल झालं आणि यवतमाळच्या सत्र न्यायालयानं कपिलला जामीन दिला. अटी दोन. खटला संपेपर्यंत गावासकट सगळ्या बाभुळगाव तालुक्यात पाऊल टाकायचं नाही, आणि साक्षीदारांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही.

आणि दसऱ्याच्या संध्याकाळी तोच कपिल किसनरावांच्या उघड्या दारात! हातात सोनं, सोबत मोबाईल धरलेला मित्र. चेहरा हुबेहूब बापाचा. म्हाताऱ्याचं काळीज पाघळलं हो! पोरगं चुकलं, पण सोनं घेऊन आलं, असं वाटलं. त्यांनी पानं घेतली, पाठीवर हात फिरवला, मिठीही मारली. त्या मिठीतच कपिल कानाशी बोलला.

"काका, सोनं घेतलं. आता कोर्टात तोंड उघडाचं नाई. काकू एकटीच जाते ना पऱ्हाटीत? आसिमचा पाय पाह्यला ना तुमी?"

किसनरावांनी ती पानं देवघरात ठेवली आणि कोणापाशी बोलले नाहीत. इंदुताईंना मात्र कापसाच्या वावरात एकटं जाऊ देईनात. "काहून असे मांगं मांगं येऊन राह्यले?" त्या विचारायच्या. "तुले कापूस येचू लागतो," म्हणायचे. आयुष्यात कधी कापूस वेचला नव्हता या माणसानं.

रहमतबी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिला कपिलनं फाट्यावर गाठून दम दिला, तशी ती थेट पोलीस ठाण्यात गेली. तपास अधिकाऱ्यांनी अहवाल दिला आणि सरकारतर्फे जामीन रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात लागला. कपिलला नोटीस गेली, त्याचं लेखी उत्तर आलं, आणि सरकारी वकील सत्यशीला मॅडमनी किसनरावांना बोलावून घेतलं.

मॅडमनी उत्तराला जोडलेला फोटो पुढं ठेवला. किसनराव आणि कपिल, मिठी मारलेले.

"तो म्हणतो, रहमतबी जखमीची आई, ती खोटं बोलणारच. मी धमकावत असतो तर दुसऱ्या साक्षीदारानं मला असं जवळ घेतलं असतं का? काका, त्या दिवशी काय झालं?"

किसनरावांनी फोटो हातानं बाजूला सारला. मग म्हणाले, "मॅडम, सोनं घेतलं मी. घेतल्यावर मांगचं काढाचं नसते. त्याच्या बापाचा शब्द हाय."

"मागचं नकाच काढू. मारहाणीची साक्ष खटल्यात होईल तेव्हा होईल. हा अर्ज तिच्यावर नाहीच. जामीन मिळाल्यानंतर त्यानं काय केलं, तेवढंच कोर्ट बघणार."

किसनरावांनी मान वर केली. सोन्यानं मागचं मिटतं, खरंय. पण मिठीत कानाशी बोलला ते मागचं कुठं होतं? ते तर सोनं हातात पडल्यावरचं. त्या लेकाच्यानं बापाचा शब्द बापाच्याच मित्राच्या तोंडात बोळ्यासारखा कोंबला होता!

"लिहून घ्या," ते म्हणाले.

प्रतिज्ञापत्र झालं. सुनावणीला किसनराव मागच्या बाकावर बसले. कपिलच्या वकिलांनी तोच फोटो न्यायाधीशांना दाखवला. दिलेला जामीन काढून घ्यायला सबळ कारण लागतं, असं ते सांगत होते. न्यायाधीशांनी फोटो पाहिला.

"हा कुठं काढलाय?"

वकील म्हणाले, "गावात, साहेब. सणापुरतंच गेले होते. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यायला."

"म्हणजे तालुक्यात. आणि साक्षीदाराच्या घरी."

सत्यशीला मॅडमनी किसनरावांचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. काकू एकटीच जाते ना पऱ्हाटीत, हे वाक्य आलं तेव्हा कपिलनं मागं वळून पाहिलं. अगदी गुणवंताचे डोळे. किसनरावांनी नजर खाली घेतली नाही.

दोन दिवसांनी आदेश झाला. दोन्ही अटी मोडल्या, साक्षीदारांना धमकावल्याचं सकृद्दर्शनी दिसतं, जामीन रद्द, आरोपीला ताब्यात घ्यावं. पोलीस कपिलला घेऊन गेले. किसनरावांना आनंद काही झाला नाही. मित्राचं पोर ते! कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसून त्यांनी पोटभर रडून घेतलं.

गावात उतरले ते घरी गेलेच नाहीत. आधी धुऱ्यावर गेले, आपट्याची ताजी पानं तोडली, आणि रहमतबीच्या दारात जाऊन उभे राहिले. आसिम खाटेवर होता, पाय उशीवर. वडीलधाऱ्यानं धाकट्याच्या घरी सोनं घेऊन जायचं, असं कोणी ऐकलंय का? किसनरावांनी त्याच्या हातात पानं ठेवली.

"काका, दसरा त कवाच होऊन गेला."

"यंदा तू आला नाईस. तुह्या पायाचं मले ठाऊक होतं. मी याले पायजे होतं, तर तोंड बंद करून घरी बसलो. घे बाप्पा. घेतलं का मांगचं मिटते, असं गुणवंत म्हणे."

आसिमनं पानांकडे पाहिलं, मग दारात उभ्या आईकडे. रहमतबीनं पदरानं डोळे पुसले. आसिमनं पानं मुठीत घट्ट धरली.

"काका," तो म्हणाला, "पंपाचा आवाज कसा हाय आता?"