बंद महिन्यांचा मेल

अगं ऐका ना! आमच्या लातूरच्या डाळमिलला डाळीतले डागी दाणे निवडणारी मशीन पायजे होती. मंजुरी नांदेडच्या फायनान्स हेड मुग्धा मॅडमची. माझा पहिला मेल म्हंजे नुसते आकडेच आकडे! त्यांनी परत धाडला, "लुंबिनी, चार ओळींत सांग. उद्या बजेट बंद होतंय."

मग मी लिहिलं, खर्च चोवीस लाख, महिन्याला बचत दीड लाख, सोळा महिन्यांत पैसे वसूल. पाठवणारच होते, तर फोरमन व्यंकटीकाका मागून वाचायले होते.

"पोरी, मिल वर्षाला आठच महिने चालती. बाकीचे चार महिने मशीन काय गोट्या खेळती?"

हाव की! लगेच बदललं. "खर्च चोवीस लाख. मिल आठ महिने चालते हे धरून वर्षाला बारा लाख वाचतील. पैसे दोन वर्षांत वसूल, वर्षाचा परतावा पन्नास टक्के. हिशोब सोबतच्या शीटमध्ये."

दहा मिनिटांत मॅडमचा फोन! "बंद महिने धरलेस, बरं केलंस. बारा महिने धरून सोळा महिन्यांत वसूल लिहिलं असतंस तर मी पुढं वाचलंच नसतं. शीट जुळली. मंजूर!"

लई ओरडले मी! आत्ताच ऑर्डर देऊन आले.